लाभांश आला सहा लाख, नफा दाखवला तीस लाख!

शिरोली_फौंड्री: कागलच्या एका मशीन शॉपमध्ये आमच्या कंपनीचे ३० टक्के शेअर आहेत. यंदा तिकडून लाभांश मिळाला ६ लाख. ऑडिटरने कन्सॉलिडेटेडमध्ये, म्हणजे एकत्रित हिशेबात, आमचा नफा धरला ३० लाख. हातात न आलेला पैसा नफा कसा होतो? हा आकडे फुगवायचा धंदा आहे.

शाहूपुरी_सीए: "फुगवायचा धंदा" वाचून राहवलं नाही. दादा, त्या कंपनीच्या बोर्डावर तुमची माणसं बसत असतील. लाभांश किती द्यायचा आणि कधी द्यायचा, यात त्यांचा शब्द चालतो. आता समजा फक्त आलेला लाभांशच उत्पन्न धरायचा असता. शॉपने तीन वर्षं दरसाल १ कोटी कमावले आणि दमडी वाटली नाही. चौथ्या वर्षी तुमची फौंड्री तोट्यात गेली, तेव्हा बोर्डात बसून २ कोटी वाटायला लावले. तुमच्या खात्यात ६० लाख आले आणि तोटा झाकला गेला. त्या वर्षी शॉपने काहीच कमावलं नसलं तरी चाललं असतं! आकडे फुगवायची वाट ती आहे. तुमच्या ऑडिटरने वापरलेली इक्विटी मेथड नेमकी तीच बंद करते: कमाई ज्या वर्षी झाली, त्याच वर्षी तुमचा वाटा दिसतो.

तुमचाच हिशेब घ्या. शेअर ३ कोटींना घेतले असं धरू. शॉपचा करानंतरचा नफा १ कोटी, म्हणून तुमचा वाटा ३० लाख, आणि गुंतवणूक झाली ३ कोटी ३० लाख. मग ६ लाख लाभांश आला. तो पुन्हा उत्पन्नात घेत नाहीत, गुंतवणुकीतून वजा करतात. उरले ३ कोटी २४ लाख. शॉपमध्ये राहून गेलेले २४ लाख तिथं दिसतात. लाभांशही उत्पन्नात धरला असता, तर एकच पैसा दोनदा मोजला गेला असता.

शिरोली_फौंड्री: कागदावर छान दिसतंय. पण त्या ३० लाखांवर पगार होत नाहीत.

कर्जविभाग: हे मात्र खरं आहे, सीए साहेब. मी कर्जाचे प्रस्ताव बघतो. पार्टी कन्सॉलिडेटेड नफा पुढे करते, आणि हप्ते फेडायची ताकद मोजताना असोसिएटचा, म्हणजे जिच्या कारभारात पार्टीचा शब्द चालतो पण ताबा नसतो अशा कंपनीचा, वाटा मला काढून टाकावा लागतो. रोख आली ती फक्त लाभांशाची. कॅश फ्लो न बघता नफ्यावर भाळून मंजुरी देणारे बघितलेत मी, पुढं खातं बुडालेलंही बघितलंय.

धाकटी_पाती: माझंही असंच चाललंय. घरच्या कंपनीत माझे २२ टक्के आहेत. थोरले काका लाभांश देत नाहीत, मीटिंगला बोलवत नाहीत, कागद मागितला तर भांडण. म्हणजे माझ्या रिटर्नमध्ये त्यांच्या नफ्याचे २२ टक्के दाखवून वर करही भरायचा काय?

राजारामपुरी_अकाउंट्स: २० टक्क्यांच्या वर आहात ना, मग असोसिएटच. वाटा धरायलाच लागतो.

शाहूपुरी_सीए: ताई, अर्धवट सांगून त्यांना घाबरवू नका. हा नियम कंपनीच्या कन्सॉलिडेटेड हिशेबाचा आहे, माणसाच्या रिटर्नचा नाही. न मिळालेल्या लाभांशावर त्यांना कर नाही. आणि २० टक्के हे गृहीतक आहे. बोर्डात जागा नाही, धोरणात विचारत नाहीत, मोठे व्यवहार नाहीत, हे पुराव्यानं दाखवता आलं तर २२ टक्के असूनही असोसिएट ठरत नाही. उलट १५ टक्के आणि बोर्डावर वजनदार माणूस असेल, तर ठरू शकते.

राजारामपुरी_अकाउंट्स: "पुराव्यानं" म्हणणं सोपं आहे. ऑडिटला आलेला माणूस टक्का बघतो आणि मोकळा होतो. आमच्याकडे दरवर्षी हेच.

धाकटी_पाती: नियम राहू दे. २२ टक्केवाल्याला घरात कुणी विचारत नाही, हे कुठल्या ताळेबंदात येतं?

गोकुळ_शिरगाव: भावा, तुझ्या काकांचा धागा वेगळा काढ! आमच्यातही हेच झालं, वाटण्या होईपर्यंत आजोबांचा लेथ कुणी चालवला नाही.

शिरोली_फौंड्री: मुद्द्यावर या. बोर्डावर आमचे दोघं आहेत, तेवढं मान्य. लाभांश लांबवायचा ठराव आमच्याच माणसानं मांडला होता, तेही मान्य. पण मग शॉप तोट्यात गेलं तर?

शाहूपुरी_सीए: तोट्याचाही ३० टक्के वाटा घ्यायचा, गुंतवणूक शून्यावर येईपर्यंत. तिथं थांबायचं. पण तुम्ही शॉपच्या कर्जाला हमी दिली असेल, तर त्या हमीपुरतं पुढंही जावं लागेल. आणखी एक बघा. तुमची कास्टिंग तिथंच जातात ना? वर्षाअखेर त्यांच्या गोडाऊनमध्ये न विकलेला माल पडून असेल आणि त्यात तुमचा नफा १० लाख असेल, तर त्यातले ३ लाख कन्सॉलिडेटेडमधून काढायला हवेत. ऑडिटरने ते काढलेत का, विचारा.

शिरोली_फौंड्री: हमी दिली आहे. मालही पडून आहे. हे दोन्ही ऑडिटरनं मला विचारलंच नाही. ३० लाख मान्य करतो, पण आता भांडण वेगळंच आहे.

कर्जविभाग: हमीचा कागद काढा आधी. कुठल्या बँकेची, किती रकमेची?