प्रतिसाद: शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख

"शाळेच्या दाखल्यावरची तारीख सरकारी आहे, तीच खरी मानायला हवी."

नाही पटत, त्यातही तारीख 1 जून असेल तर मुळीच नाही. शाळा जूनमध्ये उघडायची, मास्तर अंदाजाने तीच तारीख टाकायचे आणि वडील एखादं वर्ष मुद्दाम कमी सांगायचे. नोकरीची वयोमर्यादा सांभाळली जायची, निवृत्तीही पुढे जायची.

आमच्या सदाशिव पेठेतल्या आजोबांचंच बघा. दाखल्यावर 1 जून 1922, पण धाकट्या सख्ख्या भावाची नगरपालिकेतली जन्मनोंद नोव्हेंबर 1922 ची! पाच महिन्यांत दुसरं मूल कसं होईल? मग पत्रिका काढली: शके 1842, माघ. शकात एरवी 78 मिळवतात, पण माघ जानेवारी-फेब्रुवारीत येतो म्हणून 79, म्हणजे 1921 ची सुरुवात. साधारण सव्वा वर्ष वय चोरलेलं. चरित्रकारही भावंडांच्या नोंदी अशाच शेजारी ठेवून पाहतात. मात्र पत्रिकेवरही डोळे झाकून विसंबू नये, लग्न जमवताना तीही बदलून लिहीत. तिथी आणि वार त्या वर्षीच्या पंचांगाशी जुळतात का, ते आधी तपासावं.