थ्री-इन-वन वायरलेस स्टँड: १५ वॅट जातात कुठे?

पाऊसवेडा
फोन, घड्याळ आणि इअरबड्स एकत्र चार्ज करणारे स्टँड म्हणजे शुद्ध फसवणूक. खोक्यावर १५ वॅट लिहिलंय. आयफोन १४ एकटा ठेवला तर बरा चालतो, तिन्ही ठेवले की रखडतो. घड्याळाला दोन तास लागतात आणि इअरबड्सची केस सकाळी बरेचदा रिकामीच. अडॅप्टर फोनचाच २० वॅटचा आहे, म्हणजे १५ ला पुरून उरतो. कुणीही घेऊ नका.

खटपट्या
पुरून उरत नाही, तिथेच सगळं अडलंय. १५ वॅट म्हणजे फोनच्या पोटात पोचणारी वीज. भिंतीपासून तिथपर्यंत येताना पाव ते तिसरा हिस्सा उष्णतेत जातो. म्हणून तर एकट्या मॅगसेफला, म्हणजे अॅपलच्या चुंबकी वायरलेस चार्जरला, १५ वॅट द्यायचे तरी अॅपल २० वॅटचा अडॅप्टर मागतं. तुमचा अडॅप्टर फोनवरच संपला. आता त्यात घड्याळाचे पाच वॅट घाला, ते भिंतीकडून साधारण सात होतात. केसचे दोन-तीन धरा. झाले तीस. वीसच्या अडॅप्टरवर तीसचा भार आला की स्टँडमधलं सर्किट कुणाला तरी कापणार, आणि बहुतेक स्टँड फोनलाच कापतात, कारण कमी-जास्त करता येईल असा मोठा वाटा त्याचाच असतो. फोन साडेसातवर येतो, कधी पाचवर.

स्टँड उलटा करा आणि बुडावरची INPUT ची ओळ वाचा. तिथे `9V⎓3A` असेल तर २७ वॅट हवेत, म्हणजे व्यवहारात ३० चा पीडी अडॅप्टर, यूएसबी-सी वरून उपकरणाशी बोलून व्होल्ट ठरवणारा. तुमच्या २० च्या अडॅप्टरवर `9V⎓2.22A` असं काहीतरी असेल. व्होल्ट जुळतात, अँपिअर कमी पडतात.

ओळीत `12V⎓3A` असेल तर मात्र नुसते वॅट बघून अडॅप्टर घेऊ नका. पीडीच्या ठरलेल्या पायऱ्या ५, ९, १५ आणि २० व्होल्टच्या. १२ ची पायरी ऐच्छिक आहे, आणि पुष्कळशा चांगल्या अडॅप्टरमध्येही ती नसते. मग ६५ वॅटचा अडॅप्टर लावूनही स्टँड ९ व्होल्टवर उतरतो आणि तुम्ही स्टँडला दोष देत बसता.

सोनचाफा
एवढी गणितं कशाला? फोन चुंबकाने टक्कन बसला की १५ वॅट मिळतातच. चुंबकाचा स्टँड घ्या, विषय संपला.

खटपट्या
चुंबकाने फोन जागेवर बसतो, हे खरं. किती वीज द्यायची ते मात्र फोन आणि स्टँड बोलून ठरवतात. स्टँड मॅगसेफचा किंवा Qi2 या नव्या वायरलेस मानकाचा प्रमाणित असेल तरच आयफोन १४ पंधरा वॅट घेतो. नुसती चुंबकाची कडी बसवलेला जुन्या पद्धतीचा स्टँड असेल तर टक्कन आवाज तोच येतो आणि मिळतात साडेसात. पाऊसवेडा, फोन एकटा ठेवल्यावर "बरा" म्हणजे किती, ते आधी सांगा. अर्ध्या तासात किती टक्के चढले? वीस टक्क्यांच्या आसपास सुरुवात करून मोजा, ऐंशीच्या पुढे मोजू नका, तिथे फोन स्वतःच हात आखडता घेतो.

सोनचाफा
ठीक आहे, प्रमाणपत्राचं मान्य. पण जागेवर बसणं हा निम्म्याहून अधिक प्रश्न आहे, यावर मी ठाम आहे.

कासवगती
मुळात वायरलेस चार्जिंग हीच चूक आहे. केबल लावा, वीज वाया जात नाही, फोन तापत नाही. १३ वॅट-तासांची बॅटरी १५ वॅटने कागदावर ५२ मिनिटांत भरायला हवी. प्रत्यक्षात दोन-अडीच तास लागतात. उरलेला वेळ गरम होण्यात जातो.

खटपट्या
वेळेचा आकडा बरोबर, कारण अर्धवट. शेवटच्या टप्प्यात केबलवरही वेग उतरतो, तो बॅटरीचा स्वभाव आहे. वायरलेसवर उष्णतेमुळे तो लवकर उतरतो, एवढा फरक. पडद्यावर `Charging On Hold` आलं तर समजावं की फोन तापून थांबलाय. तेव्हा जाड कव्हर काढा, फोन आणि स्टँडमधलं तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, यांच्यामध्ये कार्ड-पाकीट असेल तर तेही काढा. रात्रभर ठेवायचा असेल तर साडेसात वॅटही पुरतात, हे माझं मत.

कासवगती
साडेसातच पुरत असतील तर इतका वेळ पंधराचा हट्ट का चाललाय?

खटपट्या
हट्ट पंधराचा नाही. लिहिलंय ते का मिळत नाही, हे शोधायचंय.

मीनाक्षी_द
माझ्याकडे गॅलक्सीचा फोन आहे आणि गॅलक्सीचंच घड्याळ. स्टँडवर घड्याळाची गोल चकती आहे, पण घड्याळ चार्जच होत नाही. अडॅप्टर ४५ वॅटचा आहे, म्हणजे वीज कमी पडत नाही. फोनही रात्री घसरतो आणि सकाळी ३० टक्के. यावर कुणी बोलेल का?

खटपट्या
ती चकती अॅपलच्या घड्याळासाठी आहे, तिच्यावर दुसऱ्या कंपनीचं घड्याळ चालत नाही. कितीही वॅटचा अडॅप्टर लावा, नाही म्हणजे नाही. तुमच्या घड्याळाची स्वतःची चकती बसवता येईल असा खाचेचा स्टँड मिळतो, तोच उपाय.

पाऊसवेडा, तुमच्या दोन तासांचं उत्तरही याच चकतीत असू शकतं. अॅपलचं जलद चार्जिंग सिरीज ७ पासून आलं, आणि त्यासाठी चकतीही जलद प्रकारची लागते. मूळ जलद केबलवर शून्य ते ८० ला पाऊण तास लागतो, असं अॅपल सांगतं. पुष्कळ स्टँडमध्ये अडीच वॅटची जुनी चकती असते. घड्याळ सिरीज ६ किंवा आधीचं असेल तर मात्र चकती बदलून काही होणार नाही.

सोनचाफा
मीनाक्षी, फोन घसरतो कारण त्यात चुंबक नाही. मागे लोखंडी चकती चिकटवा, गाडीतल्या होल्डरला लावतात ती.

निनाद_क
हे अजिबात करू नका! सोनचाफा, लोकांना असले सल्ले देऊ नका. कॉइलच्या मधोमध धातूची भरीव चकती लावली तर वीज त्या चकतीत मुरते आणि ती तापते. शहाणा स्टँड धातू ओळखून बंद पडतो आणि दिवा लुकलुकवतो. स्वस्तातला नुसता तापत राहतो. लागते ती कडी, मध्ये पोकळ असलेली, आणि तीही कॉइलला वेढून.

सोनचाफा
आवाज चढवायची गरज नाही. चकतीऐवजी कडी, एवढंच म्हणायचं होतं तर तेवढंच म्हणा.

निनाद_क
तेवढंच नाही. कडी चुकीच्या जागी चिकटवली तर न चिकटवल्यापेक्षा वाईट, कारण मग फोन दर वेळी नेमका चुकीच्याच जागी बसतो. कॉइल फोनच्या पाठीच्या बरोबर मध्यावर असेलच असं नाही. ती शोधावी लागते, आणि ते जमण्यासारखं आहे.

स्टँड नको, सपाट पॅड घ्या. फोनचं कव्हर काढा. कॅमेऱ्याचा उंचवटा पॅडच्या बाहेर राहील असं बघा, नाहीतर फोन तिरका बसतो आणि सगळं माप चुकतं. पॅडच्या मध्यबिंदूच्या सरळ रेषेत चारही कडांवर खूण करा. आता फोन वरून खाली थोडा थोडा सरकवा. दर वेळी सरकवताना उचलून पुन्हा ठेवा, कारण एकदा सुरू झालेलं चार्जिंग जरा लांब जाईपर्यंत टिकून राहतं आणि फसवतं. चार्जिंग ज्या जागी सुरू होतं तिथे पॅडच्या खुणेसमोर फोनच्या कडेवर चिकटपट्टीने खूण करा. मग खालून वर तसंच. दोन खुणांचा मध्य ही एक रेषा. डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे तेच करा, दुसरी रेषा मिळते. दोन्ही छेदतात तिथे कॉइलचा मध्य.

समजा वरची खूण फोनच्या खालच्या कडेपासून ९२ मिलिमीटरवर आली आणि खालची ६८ वर. मध्य ८० वर. फोन १६० मिलिमीटर लांब असेल तर कॉइल नेमकी मध्यावर आहे. खुणा ८४ आणि ६० आल्या तर मध्य ७२ वर, म्हणजे कॉइल आठ मिलिमीटर खाली. कडी डोळ्यांच्या अंदाजाने फोनच्या मध्यावर लावली असती तर रोज आठ मिलिमीटरची चूक. एवढ्यात चार्जिंग सुरू होतं, पण रखडतं आणि फोन तापतो.

मीनाक्षी_द
कडी फोनला चिकटवायची की कव्हरला?

निनाद_क
कव्हरला, आतून शक्यतो नको, बाहेरून. आतून लावली तर फोन आणि कव्हरमध्ये पोकळी राहते. कव्हर आणि कडी मिळून तीन मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. आणि कडीने तुमचा फोन Qi2 चा होणार नाही. तो आधी जितके वॅट घेत होता तितकेच घेईल, फक्त जागेवरून हलणार नाही. रात्री नोटिफिकेशनच्या थरथरीने फोन सरकत असेल तर तुमचे ३० टक्के त्यातलेच आहेत.

सोनचाफा
म्हणजे जागेवर बसणं हाच निम्म्याहून अधिक प्रश्न. मी हेच म्हणत होते.

निनाद_क
मीनाक्षींच्या फोनपुरतं, हो. पाऊसवेडा यांचा फोन चुंबकानेच बसतो, तिथे नाही.

पाऊसवेडा
बुडावर `9V⎓3A` आहे, खटपट्या यांचं बरोबर निघालं. शेजारच्याचा ३० वॅटचा अडॅप्टर लावला. तिन्ही ठेवून अर्ध्या तासात फोन २० वरून ४२ वर गेला, २० च्या अडॅप्टरवर ३१ पर्यंतच जात होता. घड्याळ सिरीज ८ आहे, त्यात काही फरक नाही. तरी खोक्यावर "३० चा अडॅप्टर लागेल" हे ठळक का छापत नाहीत? फसवणूक हा शब्द मी मागे घेत नाही. आणि केस अजूनही रिकामीच.

खटपट्या
छापायला हवं, याबाबत तुमच्या बाजूने. घड्याळाची चकती अडीच वॅटचीच दिसते, तिला अडॅप्टर बदलून काही होणार नाही.

केसचं वेगळं आहे. तिची बॅटरी दोन वॅट-तासांच्या आसपास, एक वॅट जरी नीट पोचला तरी रात्रीत भरते. म्हणजे तिथे वॅट कमी पडत नाहीत, जागा चुकते. कॉइल लहान, केस गुळगुळीत, चुंबक बहुतेक नसतो. केस आडवी ठेवा, दिव्याची बाजू वर. ठेवल्यावर दिवा काही सेकंद लागतो का बघा. नाही लागला तर उचलून जरा बाजूला ठेवा. सिलिकॉनचं कव्हर आहे का? त्याला अडकवायची धातूची कडी असेल तर ती केसखाली लोळते आणि पॅड धातू समजून बंद होतं.

पाऊसवेडा
कव्हर आहे. कडी पण आहे.

कासवगती
घड्याळाचं काय मग? जलद चकतीचा स्टँड घ्यायचा तर पुन्हा नवा स्टँड आला. केबल लावली असती तर हा प्रश्नच नव्हता.

खटपट्या
घड्याळाला केबलची खोबण नसते, तिथेही चकतीच लागते. मूळ जलद केबल असेल तर घड्याळ त्या केबलवर लावा आणि स्टँडवर दोनच ठेवा. पण ती केबल ३० च्याच अडॅप्टरच्या दुसऱ्या पोर्टमध्ये खुपसू नका. दुसरं पोर्ट भरलं की अडॅप्टर वॅट वाटून टाकतो, स्टँड क्षणभर बंद होऊन परत सुरू होतो आणि फोन पुन्हा कमी वॅटवर येतो.

पाऊसवेडा
केबल कुठल्या प्रकारची आहे ते बघून सांगतो. टोकाला सी आहे एवढं आठवतंय.