अनुभव: आईबाबांना वाइनबद्दल लिहिलेलं पत्र

रेवा

काल एकांकडे जेवायला गेलो होतो. यजमानांनी बाटली उघडली, मी ग्लास नाकाशी नेला आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. पावसात भिजून कोपऱ्यात पडलेलं खोकं असतं ना, तसा. बाकीचे पीत होते, मी ग्लास खाली ठेवला. आणि अकरा वर्षांपूर्वी आईबाबांना लिहिलेलं पत्र आठवलं.

झालं असं होतं की परदेशात येऊन वर्षही झालं नव्हतं आणि मी घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. माझ्यापुढे ओळीने सहा ग्लास. आई फोनवर रडली. बाबा "ठीक आहे" म्हणाले. बाबांचं "ठीक आहे" ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. फोनवर बोलणं जमेना म्हणून कागदावर लिहिलं. रात्री आईला विचारलं, तर तिने लगेच फोटो काढून पाठवला, म्हणजे पत्र हाताशीच होतं. थोडं इथे उतरवते:

"ती. आईबाबांस सा. न.

फोटोत सहा ग्लास दिसले म्हणून तुम्ही घाबरलात. नीट बघा, प्रत्येकाच्या तळाशी जेमतेम ३० मिली आहे. आई, तू विचारलंस की टेबलावरच्या फुलदाणीत फुलं का नाहीत. ती फुलदाणी नाही, थुंकायचं भांडं आहे. इथे आधी रंग बघतात, मग ग्लास गोल फिरवून वास घेतात, मग छोटा घोट तोंडात घेऊन ओठांच्या फटीतून हवा आत ओढतात. बाबा, तुम्ही चहा पिताना जो आवाज करता आणि आई ओरडते, अगदी तोच. त्या हवेबरोबर वास घशामागून नाकात चढतो आणि मग खरी चव कळते. मग थुंकायचं. मला आधी तेच जमेना, हनुवटीवरून ओघळायचं. चार दिवस बाथरूममध्ये पाण्याने सराव केला.

मला यात काय आवडतं ते सांगते. चौथ्या ग्लासला सगळे 'छान, छान' म्हणत होते. मला बंद तळघरासारखा वास येत होता, पण मी नवी, म्हणून गप्प बसले. मग शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हा ग्लास मी मुद्दाम ठेवलाय, ही वाइन खराब आहे. बुचाच्या सालीत बुरशीमुळे एक द्रव्य तयार होतं, त्याचं नाव ट्रायक्लोरोअॅनिसोल. एका लिटरमध्ये ते ग्रॅमचे काही अब्जांश असलं तरी नाकाला कळतं. बाबा, माझ्या नाकाला ते कळलं होतं आणि मी स्वतःवर विश्वास ठेवला नव्हता. त्या दिवसापासून मी जाते ते यासाठी. महिन्यातून एकदा, पोटभर जेवून, आणि गाडी चालवायची असेल तर एकही घोट न गिळता. तब्येतीला चांगली म्हणून घेते असं मात्र लिहिणार नाही, ते खोटं होईल."

आता गंमत. समासात बाबांची पेन्सिल आहे, मी काल पहिल्यांदा पाहिली:

६ × ३० = १८० मिली
१३ टक्के = २३.४ मिली
× ०.७९ = १८.५ ग्रॅम
थुंकल्यास किती? विचारणे.

अकरा वर्षांत विचारलेलं नाही. तुम्ही घरच्यांना असं काही समजावून सांगितलंय का? लिहा.

गोगलगाय

फुलदाणी 😂😂 कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन गेल्या, मी अजून हसतेय. बाकी सावकाश वाचते.

बाराखडी

"विचारणे." काय शब्द आहे. माझे वडीलही असंच लिहायचे, "बल्ब बदलणे", "धाकटीशी बोलणे". सगळं एकाच यादीत. बल्ब बदलला जायचा.

तळघर

वाइनच्या तळघरात नऊ वर्षं काम करतोय, म्हणून बाबांच्या प्रश्नाला हात घालतो.

थुंकलं तरी शून्य होत नाही. थोडं तोंडातच शोषलं जातं, पण खरी गळती वेगळीच: गाल, दात, जिभेखाली जे राहतं ते आपण नकळत गिळतो. मी एकदा मापाचं भांडं घेऊन बसलो होतो. ३० मिली तोंडात घेतली, परत २७ आली. म्हणजे ३ मिली पोटात. सहा ग्लासांचे १८ मिली, बाबांच्याच हिशेबाने साधारण १.८ ग्रॅम. १८.५ च्या जागी दोनच्या आत. पण मी सरावलेला आहे. नवखा माणूस निम्मंही गिळतो, आणि संध्याकाळी "मी तर थुंकलं होतं" म्हणतो. सुगीनंतर दिवसाला चाळीस-पन्नास नमुने बघतो तेव्हा एकही न गिळता मला संध्याकाळी डोकं हलकं वाटतंच.

आणखी एक. १३ टक्के हे सगळीकडे चालत नाही. जर्मनीत मोझेल नदीकाठची काबिनेट रीझलिंग आठ-नऊ टक्क्यांची असते, कारण द्राक्षातली थोडी साखर आंबवायची शिल्लकच राहते. उलट उन्हाच्या मुलखातली लाल वाइन साडेचौदा, पंधरापर्यंत जाते. हिशेब बाटलीवरचा आकडा बघूनच करायचा.

पुठ्ठ्याच्या वासाचं: पहिला हुंगा महत्त्वाचा. चार वेळा हुंगलं की नाक सरावतं आणि वास गेला असं वाटतं. गेलेला नसतो. दहा मिनिटं थांबून पुन्हा बघा, हजर. आणि प्रमाण फार कमी असलं तर पुठ्ठाही येत नाही, नुसता फळाचा वास मेलेला असतो. तेव्हा शेजारी त्याच वाइनची दुसरी बाटली उघडल्याशिवाय मीही शपथेवर सांगणार नाही.

सुखदा_क

छान माहिती. मी ऐकलंय की ग्लास फिरवल्यावर काचेवरून जे ओघळ उतरतात ते जितके जाड तितकी वाइन उंची. आमच्या ऑफिसचे एक साहेब ग्लास दिव्यासमोर धरून तेवढंच बघतात आणि मान डोलावतात.

तळघर

साहेबांना डोलावू द्या :) ओघळ दिसतात ते अल्कोहोलमुळे. काचेवरच्या पातळ थरातून ते आधी उडतं, उरलेल्या थरात पाण्याचा अंश वाढतो, त्याचा पृष्ठताण जास्त म्हणून तो खालची वाइन वर ओढतो, मग थेंब जड होऊन घसरतो. जेम्स थॉमसनने १८५५ साली हे मांडून ठेवलंय. ओघळावरून वाइन तेज आहे का याचा अंदाज येतो. चांगली आहे का, हे त्याला माहीत नाही.

मीनल_ट

रेवा, पांढऱ्या शर्टावर लाल वाइन सांडलीय, आत्ता, पाच मिनिटांपूर्वी. तू पण सांडायचीस म्हणालीस ना, काय लावायचीस? लवकर सांगा कोणीतरी.

गोगलगाय

घासू नकोस!! आधी कोरड्या फडक्याने टिपून घे, मग गार पाणी. सुती असेल तर भांड्यांचा साबण आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, औषधाच्या दुकानातलं ३ टक्केवालं. रेशमी किंवा लोकरी असेल तर नको.

निवांत

डॉक्टर आहे म्हणून रस मोडते, राग मानू नका. दारूला कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं त्याला बरीच वर्षं झाली, १९८८ सालची गोष्ट आहे. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेनेही स्पष्ट म्हटलं की अमुक प्रमाणापर्यंत धोकाच नाही अशी रेषा दाखवता येत नाही. त्यामुळे "माफक" म्हणजे "निर्धोक" नव्हे, "कमी धोका" एवढंच. रेवाच्या पत्रातलं ते शेवटचं वाक्य मला म्हणूनच आवडलं. बहुतेक मुलं नेमकं उलट लिहितात, हृदयाला चांगली असते वगैरे.

आणि गाडीचं. थुंकल्यावर लगेच श्वासाची चाचणी झाली तर तोंडातल्या वाफेमुळे आकडा भलताच वर जातो. पंधरा मिनिटांत तो उतरतो, म्हणून चाचणीआधी तेवढं थांबवायची पद्धत आहे. पण त्या भरवशावर गाडी काढू नये. आमच्याकडे आलेला एक जण "मी फक्त चव घेतली" हेच म्हणत होता.

अनामिक_सावली

मी एवढं छान पत्र लिहू शकले नसते. आमच्या घरी बाबा प्यायचे. संध्याकाळी जिन्यावर पाऊल कसं वाजतं त्यावरून आम्ही बहिणी ठरवायचो, पुस्तकं घेऊन आतल्या खोलीत जायचं की नाही. मी आता परदेशात आहे, ऑफिसच्या अशा कार्यक्रमाला गेले, थुंकायचं भांडं पाहिलं, तरी ग्लास उचलला गेला नाही. वास आला आणि जिना आठवला. आईला मिली आणि ग्रॅम सांगून काही उपयोग नसतो, तिला तो वासच पुरतो. तुझी आई का रडली ते तू तिला कधी विचारलंस का?

रेवा

सावली, नाही विचारलं. तुझं वाचल्यावर लक्षात आलं की मी पत्रात सगळी उत्तरं बाबांना दिली आहेत. आईला फक्त फुलदाणी.

गोगलगाय

सावली 🫂

आप्पा_लिहितात

मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे बाप. मुलीने मला असाच मोठा मेसेज पाठवला होता. वाचला, पुन्हा वाचला, टक्केवारी मीही काढून बघितली. उत्तर दिलं नाही. विचारलं असतं तर मान्य केल्यासारखं झालं असतं आणि नाही म्हणायला तिने जागा ठेवली नव्हती, सगळं आधीच लिहून मोकळी. पुढे तिच्याकडे गेलो तेव्हा तिने माझ्यापुढे एक ग्लास ठेवला, नुसता वास घ्या म्हणाली. मला रॉकेलचा आला. लाजून बोललो नाही, म्हटलं मूर्खात काढेल. मग तीच म्हणाली, रॉकेलसारखा येतोय ना?

तळघर

आप्पा, ती रीझलिंग असणार, आणि बाटलीत काही वर्षं मुरलेली. तो वास तिथे येतोच. काहींना तो दोष वाटतो, काही त्यासाठीच घेतात. आमच्या तळघरातही यावर एकमत नाही. तुमचं नाक उत्तम आहे.

आप्पा_लिहितात

हे मुलीला पाठवतो.

बाराखडी

आप्पा, आता तरी त्या मेसेजला उत्तर द्या की.

रेवा

तळघर, तुमचा आकडा रात्री बाबांना पाठवला. लिहिलं, "तुमच्या प्रश्नाचं उत्तर: थुंकल्यास साधारण १.८ ग्रॅम." सकाळी साडेपाचला उत्तर आलंय, जसंच्या तसं देते:

"२७ मिलीत लाळ किती? ती वजा केली नाही. आकडा कमी आला आहे. त्यांना आधी नुसत्या पाण्याने करून पाहायला सांगणे."

तळघर

😄 बाबांचं बरोबर आहे, खरा आकडा १.८ च्या वरच असणार. पण पाण्याने जुळणार नाही. वाइन आंबट, तिने लाळ जास्त सुटते. तेवढाच आंबटपणा असलेलं लिंबूपाणी घेऊन करून बघतो. रविवारी सांगतो, त्यांना थांबायला सांगा.

रेवा

सांगितलं. "ठीक आहे" म्हणाले. आईला आज फोन करणार आहे, त्याबद्दल इथे लिहीनच असं नाही.

मीनल_ट

डाग गेला गं गोगलगाय! पण शर्ट पांढरा नव्हता, क्रीम होता, हे आत्ता कळलं.