व्हिसासाठी बँकेकडून शिल्लक प्रमाणपत्र घेतानाचे आपले अनुभव

धागाकर्ती, पुणे

ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी आमच्या मुलाचे पैसे कसे दाखवले, ते लिहिते. आपलेही अनुभव येथे नोंदवावेत, ही विनंती. विद्यापीठ लंडनबाहेरचे होते आणि अर्ज 2025 च्या जुलैमध्ये करायचा होता. पहिल्या वर्षाचे शुल्क 24,000 पौंड होते. त्यांपैकी 8,000 पौंड आधीच भरले होते आणि विद्यापीठाच्या प्रवेशनिश्चितीच्या कॅस पत्रात तशी नोंद होती, म्हणून शुल्काचे 16,000 पौंड दाखवायचे राहिले. राहण्या-जेवणाचा खर्च तेव्हाच्या दराने दरमहा 1,136 पौंड असा नऊ महिन्यांचा, म्हणजे 10,224 पौंड होता. एकूण 26,224 पौंड झाले आणि 116 रुपयांच्या दराने ही रक्कम साधारण 30 लाख 42 हजार रुपये होत होती. अर्जाच्या दिवशी ओआंडाच्या संकेतस्थळावरचा दर धरला जातो. तो दोन रुपयांनी वाढला तरी गरज 31 लाखांच्या जवळ जाते, म्हणून आम्ही साडेबत्तीस लाख ठेवले.

शाखेत ‘व्हिसासाठी प्रमाणपत्र हवे’ एवढेच सांगितले, तर आदल्या दिवसाची अखेरची शिल्लक लिहिलेले चार ओळींचे पत्र हातात पडते. ब्रिटनचा नियम मात्र असा आहे की आवश्यक रक्कम सलग 28 दिवस खात्यात असली पाहिजे, त्यात एक दिवसही ती कमी होता कामा नये, आणि त्या 28 दिवसांचा शेवट अर्जाच्या आधीच्या 31 दिवसांत आला पाहिजे. एका तारखेच्या शिलकेवरून यांतले काहीच सिद्ध होत नाही. म्हणून आम्ही 3 जून ते 30 जून या काळाचा खातेउतारा शिक्का-सहीसह घेतला आणि त्यासोबत, या पूर्ण काळात शिल्लक अमुक रकमेखाली गेली नाही, असे वाक्य असलेले पत्र मागितले. असे वाक्य छापील नमुन्यात नसते. शाखाधिकाऱ्यांना नियमाची प्रत दाखवल्यावर त्यांनी ते घातले.

कंत्राटदार, सांगली

प्रमाणपत्रासाठी एवढे कष्ट कशाला, असे मला वाटते. तहसील कार्यालयातून ऐपतीचा दाखला मिळतो, आपले सरकार पोर्टलवर अर्ज करता येतो. शेतजमीन आणि घर धरून माझी ऐपत पुष्कळ मोठी निघाली होती. शासकीय कामाच्या निविदेला तो दाखला चालला, मग व्हिसाला का चालू नये? पुतण्यासाठी मी तोच जोडणार आहे.

निवृत्त शाखाधिकारी, ठाणे

दादा, कृपया तसे करू नका. निविदेसाठी मागतात ते सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट आम्ही अनेक वर्षे देत होतो. त्यासाठी मालमत्तेचे मूल्यांकन आणि बोजा पाहावा लागतो, वरच्या कार्यालयाची मंजुरी लागते, आणि शेवटी बँकेवर किंवा अधिकाऱ्यावर कोणतीही जबाबदारी नाही, असे वाक्य असतेच. त्यातून माणसाची ऐपत कळते. तेवढे पैसे आज काढता येतील का, हे कळत नाही, आणि विद्यार्थी व्हिसाच्या अधिकाऱ्याला नेमके तेच पाहायचे असते. शिवाय ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाला पैसे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या, आई-वडिलांच्या किंवा कायदेशीर पालकाच्या नावावर लागतात. काकांचे खाते त्यात बसत नाही.

ठेवींबद्दल एक गोष्ट विस्ताराने सांगतो, कारण ती शाखेतही कोणी सांगत नाही. समजा, वडिलांची 22 लाखांची मुदत ठेव पाच वर्षांपासून आहे आणि ती 15 जूनला आपोआप नूतनीकृत झाली. 30 जूनच्या प्रमाणपत्रात संगणक ठेवीची तारीख 15 जून अशीच छापतो. कागद वाचणाऱ्याला ही ठेव पंधरवड्यापूर्वीची वाटते आणि 28 दिवस भरत नाहीत. अशा वेळी जुना ठेव क्रमांक, मूळ तारीख आणि नूतनीकरण खंड न पडता झाले, हे पत्रात लिहून घ्यावे, किंवा जुन्या पावतीची प्रत जोडावी. ठेवीवर कर्ज उचललेले असेल, तर ती तारण आहे आणि मोकळी नाही, हेही लक्षात असावे. मुदतीपूर्वी मोडता येते, अशी ओळ मागून घेतली की शंका उरत नाही.

विद्यार्थ्याचे वडील, नाशिक

आमच्या बचत खात्याला ऑटो स्वीपची सोय होती. ठरावीक मर्यादेवरची रक्कम आपोआप ठेवीत जाते, त्यामुळे खातेउताऱ्यावर शिल्लक केवळ 25 हजार दिसत होती आणि उरलेले सर्व जोडठेवींमध्ये होते. शाखेने पहिले पत्र फक्त बचत खात्याचे दिले. ग्राहक क्रमांकाखालील सर्व खाती आणि ठेवी एकाच पत्रात, प्रत्येकीच्या क्रमांकासह मागितल्यावर चित्र पूर्ण झाले. त्यानंतर आम्ही स्वीप बंदच केली. तोपर्यंतच्या जोडठेवी पुरावा म्हणून पुरेशा होत्या की नाही, याचे खात्रीचे उत्तर आम्हाला कोणाकडूनच मिळाले नाही.

दुसरे, तपासताना केवळ आकडा पाहू नये. आमच्या पत्रावरचा गोल शिक्का नेमका खाते क्रमांकाच्या शेवटच्या चार अंकांवर पडला होता. स्कॅन केल्यावर ते अंक वाचताच येईनात, म्हणून पत्र पुन्हा छापून घ्यावे लागले.

फ्रान्सला जाऊन आलेली, मुंबई

मला वाटते, सहा महिन्यांचा खातेउतारा शिक्क्यासह दिला की प्रमाणपत्राची गरजच नसते. माझ्या शेंगेन पर्यटक व्हिसाला तेवढेच पुरले. 28 दिवसांचा हिशोब मी कधी ऐकलाच नव्हता.

धागाकर्ती, पुणे

ताई, आपला अनुभव शेंगेनपुरता बरोबर आहे. तिथे काही महिन्यांचे व्यवहार पाहिले जातात, त्यात नियमित पगार दिसावा लागतो आणि आदल्या आठवड्यात आलेली मोठी रक्कम खटकते. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसात मात्र 28 दिवस आणि रक्कम यांचा हिशोब चुकला की सहा महिन्यांचा जाड उताराही उपयोगी पडत नाही. आमच्याच खात्यातून 5 तारखेला गृहकर्जाचा हप्ता आणि 10 तारखेला म्युच्युअल फंडाची एसआयपी जाते. शिल्लक गरजेच्या काठावर ठेवली असती, तर हप्त्याच्या दिवशीच ती खाली गेली असती. म्हणून हे दोन्ही व्यवहार त्या महिन्यापुरते दुसऱ्या खात्यावर वळवले.

विद्यार्थिनी, कोल्हापूर

माझ्या आई-वडिलांची बहुतेक बचत गावच्या पतसंस्थेत आहे. तिथले व्यवस्थापक टंकलिखित प्रमाणपत्र लगेच द्यायला तयार आहेत. ते चालेल का?

निवृत्त शाखाधिकारी, ठाणे

पतसंस्था सहकार खात्याच्या नोंदणीखाली असते, रिझर्व्ह बँकेच्या परवान्याखाली नसते. संस्था योग्य नियामकाखालची असावी, तिच्याकडे इलेक्ट्रॉनिक नोंदी असाव्यात आणि पडताळणीसाठी तिच्याशी संपर्क होऊ शकावा, अशा अटी ब्रिटनचे नियम घालतात. पतसंस्थेचे पत्र त्यांत बसेल, अशी आशा मी तरी धरणार नाही. पैसे लवकरात लवकर बँकेत आणा. 28 दिवस ते आले त्या दिवसापासून मोजा. पतसंस्थेच्या ठेवी मोडल्याची पावती जपून ठेवा, म्हणजे मोठी रक्कम कुठून आली, हे सांगता येईल. परवानाधारक नागरी सहकारी बँकेचा प्रश्न वेगळा आहे, त्यावर कोणी अलीकडे अर्ज केला असल्यास अवश्य लिहावे.

विद्यार्थिनी, कोल्हापूर

आभारी आहे, काका. खाते वडिलांच्या नावावर उघडत आहोत. जन्मदाखला फक्त मराठीत आहे, तोही लागेल का?

धागाकर्ती, पुणे

हो, नाते सिद्ध करण्यासाठी तो लागतो. प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून मूळ दाखल्यासोबत जोडा. शिक्षणासाठी हे पैसे वापरण्यास संमती असल्याचे वडिलांचे सही केलेले पत्रही लागेल. बँकेच्या पत्रातले वडिलांचे नाव आणि जन्मदाखल्यातले नाव अक्षरशः जुळते का, ते शाखेतून निघण्यापूर्वीच पाहा. आमच्या पत्रात आडनाव आधी आणि मधले नाव केवळ आद्याक्षराने आले होते. ते तिथेच दुरुस्त करून घेतले.