मदत हवी आहे : स्रोत दिलाय, पण वाक्य जवळजवळ तेच

एमएच्या प्रबंधिका तपासतेय. एका विद्यार्थिनीच्या परिच्छेदापाशी अडले आहे.

मूळ लेखात : 'पाऊस कमी झाल्यामुळे मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि त्यामुळे मुलांच्या शाळेत खंड पडतो.'

तिचं : 'पर्जन्यमान घटल्याने मराठवाड्यातले जिरायती शेतकरी ऊसतोडणीकरिता पश्चिम महाराष्ट्रात स्थलांतर करतात आणि परिणामी मुलांचे शिक्षण खंडित होते.'

शेवटी लेखकाचं नाव, साल नीट दिलंय. 'ऊसतोड', 'कोरडवाहू' हे शब्द तिने तसेच ठेवले असते तरी माझी हरकत नव्हती, ते त्या विषयाचेच शब्द आहेत. खटकतो तो सांगाडा. कारण, माणसं, ठिकाण, परिणाम, सगळं त्याच क्रमाने, फक्त प्रत्येक शब्दाला प्रतिशब्द. पुढची चार वाक्यंही अशीच.

सॉफ्टवेअरमध्ये साम्य जेमतेम दिसतं, यूजीसीच्या २०१८च्या नियमांतल्या १० टक्क्यांच्या आत. पण ते जुळणारे शब्द मोजतं, रचना नाही.

लेख मिटवून, समजलेलं स्वतःच्या क्रमाने लिहायला सांगून परत द्यावं असं मला वाटतं. सहकारी म्हणतात, संदर्भ दिलाय, सोडून द्या. संशोधन मार्गदर्शकांनो, अशा वेळी तुम्ही फक्त पुनर्लेखन मागता की वाङ्मयचौर्य म्हणून लेखी नोंद करता?