अनुभव धागा: ‘ओळख करून दे’ म्हणताना नकाराची वाट कशी ठेवता?

दोघांच्या ओळखीच्या माणसाला मेसेज टाकायचाय, पण त्याला ‘नको’ म्हणताना अवघडायला नको. मजकुरासकट सांगा.

देवगडकर: समजा, घरच्या हापूसचा रस कॅनिंगवाल्याकडून डबाबंद करून घ्यायचाय आणि मित्राचा तिथे व्यवहार आहे. मी असं लिहीन:

“त्या कॅनिंगवाल्यांशी तुझं जाणं-येणं आहे म्हणून विचारतो. यंदा ५० पेट्यांचा रस करून घ्यायचाय. त्यांना आधी विचारून, ते हो म्हणाले तरच नंबर दे. तुला मध्ये पडणं सोयीचं नसेल तर नुसतं ‘नको’ लिही, कारण विचारणार नाही. आणखी दोघांकडे चौकशी चालू आहे, काम अडणार नाही.”

शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा. गाव लहान, खोटं चार दिवसांत उघडं पडतं. कारण न विचारण्याचं म्हणाल तर मित्राची तिथे उधारी असेल, गेल्या साली दरावरून वाजलेलं असेल. ते तो तुम्हाला का सांगेल?

सोबत वेगळा मेसेज द्या, जसाच्या तसा पुढे ढकलता येईल असा: नाव, गाव, पेट्या किती, माल कधी तयार, नंबर. त्यात मित्राचं नाव घालू नका, नाहीतर न विचारता त्याची हमी पडते. आणि वाडीच्या ग्रुपवर विचारूच नका. तिथे चारचौघांत नकार देणं कोणाला जमतं?

मालवणची सून: सोपं आहे, ‘उत्तर नाही आलं तर नकार समजेन’ एवढंच लिहायचं.

देवगडकर: अर्धं बरोबर. पण उत्तर नाही म्हणजे नकार आहे, मेसेज गुड मॉर्निंगच्या ढिगाखाली गेलाय, का मित्र कॅनिंगवाल्याच्या होकाराची वाट बघतोय, हे कळणार कसं? म्हणून ‘नको’ हा शब्द त्याच्या हाती आधीच द्यायचा.

गुहागर: मुलीच्या स्थळासाठी मावसभावाला असंच लिहू का? मुलाकडचे त्याच्या ओळखीचे आहेत.

राजापूरवाली: स्थळाचं निराळं, ताई. तिथे ‘पत्रिका जुळत नाही’ ही वाट आधीपासून आहे आणि कोणी वाईट वाटून घेत नाही. पत्रिका-फोटो पाठवा नि ‘तुला योग्य वाटलं तरच पुढे दे’ एवढंच म्हणा.

मूळ प्रश्नाबद्दल: आमच्याकडे ‘बघतंय’ आलं आणि पुढे ‘कधी, किती’ असं काहीच विचारलं नाही, तर तो नकारच. परत आठवण करू नये. खरंच बघणारा पेट्या किती ते विचारतो.

मालवणची सून: मग ‘१० तारखेपर्यंत कळव’ लिहावं की नाही?

देवगडकर: मी लिहीत नाही. तारीख घातली की तगादा वाटतो.

राजापूरवाली: मला उलट वाटतं. तारीख उलटली की मित्र मोकळा, नाहीतर मेभर त्याच्या डोक्यावर ओझं.