‘पाहिलं की पट्टे जातात’ : पाहिलं, नोंदलं की खूण राहिली?

तुळजापूरवेस
इथल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी फलकांचा मजकूर मराठीत करून देतेय. एका वाक्यावर गाडी अडली आहे. दोन फटींतून इलेक्ट्रॉन सोडले की पडद्यावर आलटून पालटून उजेडाचे आणि काळोखाचे पट्टे येतात. त्यापुढं मी लिहिलं होतं, “इलेक्ट्रॉन कोणत्या फटीतून गेला हे आपण पाहिलं, की पट्टे नाहीसे होतात.” भाचा बारावीला आहे. तो म्हणाला, “मावशी, ‘पाहिलं’ लिहू नको, आमचे सर या शब्दावर भडकतात.” का भडकतात ते त्याला सांगता येईना. ‘निरीक्षण केलं’ लिहू, ‘मोजलं’ की ‘नोंदलं’? शिवाय पट्ट्यांना मूळ मसुद्यात ‘झालर’ म्हटलंय, तेही कानाला खटकतं.

पूर्वभाग
झालर चूकच ओ ताई. झालर पाळण्याला असते, मांडवाला असते. आमच्या घरात तीन पिढ्या माग चालले. चादर मागावरून उतरली की टोकाला जे सुटे धागे राहतात त्या दशा. इंग्रजीत त्यालाच फ्रिंज म्हणतात, निर्यातीच्या ऑर्डरीत तोच शब्द यायचा. तेव्हा ‘व्यतिकरण दशा’ लिहा. सोलापुरात सगळ्यांना कळेल.

निवृत्तमास्तर
कळेल, पण चुकीचं कळेल. दशी कापडाच्या कडेला असते. हे पट्टे कडेला नसतात, मधोमध सगळ्यात ठळक असतात. ‘पट्टे’ हाच शब्द योग्य. आणि तुम्ही सगळे ‘इलेक्ट्रॉन’ काय लिहिता? आमच्या लहानपणी ‘विजाणू’ वाचल्याचं आठवतं. चांगला शब्द होता, आळसानं मारला.

होटगीरोड
विषय निघालाच आहे तर विचारतो. मुलाच्या सरावाच्या गणितात ६०० व्होल्टनं वेग दिलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी विचारली आहे. त्याचं उत्तर २.०७ नॅनोमीटर येतंय, मागं छापलंय ०.०५. त्यानं तीनदा केलं. मी म्हणतो छपाईची चूक. कुणी बघेल का?

अनघा_क
छपाई बरोबर आहे. मुलानं १२४० भागिले ६०० केलंय. ते सूत्र प्रकाशकणाचं, hc/E. इलेक्ट्रॉनला वस्तुमान असल्यामुळं तिथं ते चालत नाही. त्याचा संवेग √(2mE), आणि λ = h/p. आकडे घातले की उरतं ते १.२२७ भागिले √V, नॅनोमीटरमध्ये. ६०० चं वर्गमूळ साधारण २४.५, म्हणून ०.०५. चूक पकडायची सोपी युक्ती सांगते. व्होल्टेज चौपट करून बघायला सांगा. इलेक्ट्रॉनची तरंगलांबी निम्मी व्हायला हवी. पाव झाली, तर पोरगं प्रकाशाचं सूत्र वापरतंय.

हा ६०० चा आकडा ओळखीचा वाटला. २०१३ मध्ये नेब्रास्कात खरोखरच्या दोन फटींवर हा प्रयोग झाला, तो याच ऊर्जेला. फट ६२ नॅनोमीटर रुंद, दोन फटींमधलं अंतर २७२ नॅनोमीटर, पडदा २४ सेंटीमीटरवर. दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे λL/d, ते येतं ४४ मायक्रोमीटर. केसाच्या जाडीहूनही कमी, म्हणून पट्टे आधी इलेक्ट्रॉनच्या भिंगानं मोठे करावे लागतात आणि मग टिपले जातात. मुलाचं उत्तर खरं असतं, तर पट्टे पावणेदोन मिलिमीटरवर आले असते आणि नुसत्या डोळ्यांना दिसले असते.

होटगीरोड
धन्यवाद मॅडम. hc/E च वापरलंय. आता छपाईवाल्याला दिलेल्या शिव्या परत घेतो.

रेघोट्या
मूळ प्रश्नाकडं या. ‘पाहिलं’ लिहायला काय हरकत आहे? अंधारात काही दिसत नाही. इलेक्ट्रॉन बघायचा तर त्याच्यावर प्रकाश टाकावा लागणार, प्रकाशाचा धक्का बसला की तो भरकटणार आणि पट्टे बिघडणार. यात गूढ काही नाही. ‘पाहिलं की धक्का बसतो’ असं लिहा.

अनघा_क
तुमचा हिशोब आकड्यांत बसतो, म्हणून तर तो मोहात पाडतो. २७२ नॅनोमीटरवरच्या दोन फटी वेगळ्या ओळखायच्या, तर प्रकाशाची तरंगलांबी साधारण तेवढीच किंवा कमी हवी. अशा एका प्रकाशकणाच्या धक्क्यानं इलेक्ट्रॉन वळेल तो कोन ०.०५ भागिले २७२. तो २४ सेंटीमीटरवर नेला की सरक येते ४४ मायक्रोमीटर, बरोबर एका पट्ट्याएवढी. धक्के कमीजास्त बसतात, म्हणून पट्टे एकमेकांवर सरकून मिसळतात.

पण धक्का न देताही पट्टे जातात. १९९८ मध्ये जर्मनीत कॉन्स्टान्झला रुबिडियमच्या अणूंवर हे करून पाहिलं. तिथं फटी नव्हत्या, प्रकाशाच्या उभ्या तरंगानं अणूंचा झोत दोन वाटांत फोडला होता. कुठल्या वाटेचा अणू ते त्याच्या आतल्या अवस्थेवर सूक्ष्मलहरींनी नोंदवलं. त्या लहरींचा धक्का पट्टे मोडायला कितीतरी पटींनी अपुरा होता, तरी पट्टे गेले. आणि त्या अवस्था वाचायला कुणी बसलंही नव्हतं. म्हणून ‘पाहिलं’ खोटं आणि ‘धक्का’ अर्धवट.

सातबारा
म्हणजे ‘नोंद’च बरोबर. तीस वर्षं तलाठी होतो, नोंदीचा अर्थ मला विचारा. फेरफार मंजूर झाला की जमीन गेली. मालकानं उतारा वाचला काय, न वाचला काय. कपाटात पडून असली तरी नोंद ती नोंद.

तुळजापूरवेस
सातबारा काका, हे फार आवडलं. “वाटेची नोंद झाली, की पट्टे नाहीसे होतात, ती नोंद कुणी वाचो न वाचो.” असं लिहू?

निवृत्तमास्तर
नोंद कोण करतो? नोंद म्हटलं की वही आली, लेखणी आली, माणूस आला. तुम्ही माणसाला दारातून घालवलात आणि खिडकीतून आत घेतलात.

अनघा_क
मास्तर, शब्दाबद्दल तुमचं बरोबर आहे. २००७ चा ट्युबिंगेनचा प्रयोग बघा, तो तर इलेक्ट्रॉनवरचाच आहे. झोत दोन वाटांत फोडला आणि दोन्ही वाटा सिलिकॉनच्या एका पाटीवरून, तिला न शिवता नेल्या. इलेक्ट्रॉन वरून जाताना पाटीतले भार त्याच्याखालून ओढले जातात आणि त्या हालचालीत पाटीत किंचित ऊर्जा उरते. तो डाव्या वाटेनं गेला की उजव्या, त्यानुसार ही हालचाल पाटीच्या वेगळ्या जागी होते. वही नाही, माणूस नाही. नुसती पाटी.

वाटा पाटीपासून उंच ठेवल्या तर पट्टे स्वच्छ राहिले. जसजशा खाली आणल्या, तसतसे ते फिके होत गेले. दोन वाटांमधलं अंतर वाढवलं तेव्हा आणखी लवकर फिकटले, कारण लांबलांबच्या दोन खुणा एकमेकींत मिसळत नाहीत. मी ‘खूण’ म्हणेन. “वाटेची खूण मागं राहिली, की…”

सातबारा
खूण पुसता येते मॅडम, नोंद पुसता येत नाही.

अनघा_क
म्हणूनच खूण. अणूच्या अवस्थेतली खूण पुसता येते. खूण अशा रीतीनं तपासायची की वाट कळूच नये, आणि त्या निकालानुसार अणूंचे दोन गट करायचे. मग प्रत्येक गटात पट्टे परत दिसतात. मात्र एका गटाच्या उजेडावर दुसऱ्याचा काळोख येतो, त्यामुळं गट एकत्र केले की पुन्हा सपाट. सिलिकॉनच्या पाटीतली खूण मात्र असंख्य कणांत पांगते, ती गोळा करणं कुणाच्या हातात नाही. तिला तुम्ही नोंद म्हणा, भांडणार नाही.

रेघोट्या
मग पाटीनं इलेक्ट्रॉनला ओढलं, तो धक्काच झाला ना? शब्द बदललात फक्त.

अनघा_क
ओढ आहेच. पण ती दोन्ही वाटांवर सारखीच असती, तर अख्खी नक्षी जराशी सरकली असती, पुसली गेली नसती. पुसायला पाटीत फरक उरावा लागतो.

रेघोट्या
पटलं नाही. विचार करतो.

तुळजापूरवेस
एक वेगळी शंका. चित्रकारानं खालच्या चित्रात पट्टे गेल्यावर पडद्यावर दोन ठसठशीत उभ्या रेघा काढल्यात, एकेका फटीसमोर एक. तसं सगळीकडं दाखवतात. बरोबर आहे ना?

अनघा_क
इथं तरी चूक, खोडायला लावा. ६२ नॅनोमीटरच्या एकट्या फटीतूनसुद्धा झोत पसरतो. २४ सेंटीमीटरवर त्याचा मधला डाग मध्यापासून दोन्हीकडं सुमारे १९४ मायक्रोमीटर जातो. दोन फटींचे दोन डाग एकमेकांपासून सरकलेत फक्त २७२ नॅनोमीटर, म्हणजे ते अक्षरशः एकावर एक. वाटेची खूण राहिली, तर मिळतो तेवढाच रुंद एकच डाग, मधे ठळक, कडेला विरळ. नसेल तर त्याच डागात नऊ पट्टे कोरल्यासारखे दिसतात. इलेक्ट्रॉन तेवढेच येतात, एकही कमी होत नाही. फक्त काळोखाच्या जागा भरतात आणि उजेडाच्या उतरतात. खरं तर ‘नाहीसे होतात’ हेही मला बोचतंय. बटण दाबल्यासारखं वाटतं.

पूर्वभाग
मग ‘विरतात’ म्हणा. धोतर विरतं तसं. एका दिवसात फाटत नाही, आरपार दिसायला लागतं.

अनघा_क
वा! हा शब्द मला सुचला नसता. खूण अर्धवट असली, तर पट्टेही अर्धवटच फिकटतात. डाव्या-उजव्याचा अंदाज जितका खात्रीनं बांधता येईल, तितका उठाव कमी. ‘विरतात’मध्ये हे सगळं बसतं.

निवृत्तमास्तर
विरतं ते झिजून. इथं काही झिजत नाही. रंगाचं म्हणायचं तर ‘विटतात’.

पूर्वभाग
सोलापुरात बसून चादर विटते म्हणू नका मास्तर, व्यापारी ऐकतील.

तुळजापूरवेस
शुक्रवारी फलक रंगवायला द्यायचाय. सध्या हे आहे, “इलेक्ट्रॉन कोणत्या फटीतून गेला याची खूण कुठंही मागं राहिली, की पट्टे विरतात, ती खूण कुणी वाचली नाही तरी.” भाच्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो सर भडकणार नाहीत, पण परीक्षेत ‘निरीक्षण’च लिहावं लागेल, नाहीतर गुण जातील. रंगारी म्हणतो ‘कुणी वाचली नाही तरी’ला जागा पुरत नाही, ते काढू का.

सातबारा
तेच काढू नका! मुद्दा तोच आहे. हवं तर ‘कुठंही’ काढा.

अनघा_क
‘कुठंही’ काढलंत तर पाटी गेली. ‘मागं’ काढा.

निवृत्तमास्तर
आणि ‘फट’ काय? फट दाराला असते. ‘चीर’ लिहा.

पूर्वभाग
चीर म्हणजे आमच्याकडं वस्त्र ओ. द्रौपदीचं चीर. आणि मघाच्या दशीवर माझं अजून म्हणणं आहे. दशी फक्त कडेला असते कुणी सांगितलं? जेकार्डच्या चादरीची मागची बाजू उलटून बघा एकदा.